वाटणीत राहून गेलेला नंबर

शनिवार, दिनांक १ फेब्रुवारी २०२५. माघी गणेशोत्सवाच्या गर्दीत, पाली येथे, बल्लाळेश्वराच्या दर्शनरांगेतून बाहेर पडताना मुरुडच्या विनिता यांचा मोबाइल पर्ससह नाहीसा झाला. तक्रार ज्याने तो नेला त्याच्याविरुद्ध नाही. त्याने फक्त एक यंत्र नेले. त्यानंतरच्या पंधरवड्यात जे नेले गेले ते कायद्याने, कागदोपत्री, सर्वांच्या देखत आणि विनिताबाईंच्याच विनंतीवरून नेले गेले. त्याची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही, म्हणून ती येथे करणे भाग आहे.

विनिताबाई मुरुडच्या एका जुन्या वाडीच्या सूनबाई. वय एक्कावन्न, शिक्षण एम.ए. यजमान दत्तात्रेय शाळेत भूगोल शिकवीत. सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. त्यांच्या हयातीतच बाईंनी वाडीतल्या दोन खोल्यांना चुना फासून, मोरीत फरशी घालून पर्यटकांना राहायला द्यायला सुरुवात केली होती. नारळ-सुपारीच्या उत्पन्नावर घर चालत नव्हते आणि नवऱ्याच्या पगारावर सगळे सोडून देणे बाईंच्या स्वभावात नव्हते. सकाळी आंबोळ्या, दुपारी वालाचे बिरडे, सोलकढी. मासे मागणाऱ्यांसाठी भागुबाई नावाची कोळीण दाराशी टोपली उतरवी आणि बाई स्वतः खात नसूनही सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत. ठाण्याचे, पुण्याचे, नाशिकचे लोक एकदा आले की दर हिवाळ्यात येत. त्यांच्यात आणि बाईंच्यात दुवा एकच: दहा आकडी मोबाइल क्रमांक. कुठल्याही संकेतस्थळावर नाव नाही, जाहिरात नाही. "मुरुडला जाताय? मग हा नंबर घ्या," असे एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला तो क्रमांक म्हणजेच विनिताबाईंचा धंदा होता.

त्या शनिवारी भागुबाई सोबत होती. पर्स नाही हे लक्षात आल्यावर बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. भागुबाईने स्वतःचा फोन कमरेतून काढला आणि बाईंचा क्रमांक लावला. घंटा वाजत राहिली.

"वाजतोय गो बाय! कुनी चांगला मानूस असंल तर उचलंल. पुना लावते."

"लावू नकोस," बाई म्हणाल्या. "आधी बँक."

येथे हे नमूद केले पाहिजे की बाईंनी पुढे जे जे केले ते योग्य क्रमाने केले. शिकलेल्या बाईकडून जी अपेक्षा असते तिच्यात त्या कुठेही कमी पडल्या नाहीत. भागुबाईच्या फोनवरून पुण्याच्या मुलीला, नेत्राला, फोन करून बँकेच्या मदतकेंद्राचा क्रमांक मागून घेतला. तिथे फोन लावून खाते क्रमांक सांगितला, ओळख पटवली आणि मोबाइलवरून होणारे सगळे व्यवहार थांबवले. मग त्या पालीच्या पोलीस ठाण्यात गेल्या. उत्सवाच्या बंदोबस्तात अर्धे ठाणे रस्त्यावर होते, पण टेबलाशी बसलेल्या हवालदाराने हरवल्याची तक्रार लिहून घेतली.

"आयएमईआय आहे का? पंधरा आकडी. फोनच्या खोक्यावर असतो."

"खोकं घरी आहे. पावतीही आहे."

"ठेवलंय?" हवालदाराने मान वर केली. "लोक खोक्यात सुपारी ठेवतात, बाई. घरी गेलात की सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर टाका. ही पोच आणि पावती लागेल. म्हणजे तो हँडसेट देशात कुठल्याच सिमवर चालणार नाही. पण नंबर त्याने बंद होत नाही हां. नंबर कंपनीकडून बंद करायचा. आत्ताच करा, थांबू नका. तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की तुमच्या नावाचे सगळे ओटीपी त्याच्याकडे."

पोच घेऊन बाई ठाण्याच्या पायरीवर बसल्या आणि भागुबाईच्या फोनवरून कंपनीच्या ग्राहककेंद्राला जोडले. बराच वेळ संगीत वाजले. मग एक अतिशय नम्र आवाज आला.

"नंबर तात्पुरता बंद करून देते, मॅडम. पडताळणीसाठी ग्राहकाचं पूर्ण नाव सांगाल?"

बाईंनी सांगितले.

"क्षमा करा मॅडम, नाव जुळत नाही."

बाईंनी यजमानांचे नाव सांगितले.

"हेही जुळत नाही, मॅडम. हा नंबर तुमच्या नावावर नाही."

"सोळा वर्षं मी वापरतेय!"

"वापरत असाल, मॅडम. ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन करायला सांगा. मी आपली अजून काही मदत करू शकते का?"

बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे नुसते पाहिले. भागुबाईने दोनदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नंबर माझा नाही म्हणतात."

"म्हंजे? मंग कुनाचा?"

तो कोणाचा, हे बाईंना बोलता बोलताच आठवले होते.

दोन हजार नऊ साली मुरुडच्या एसटी स्थानकाबाहेर एक मोठी रंगीत छत्री लागली होती. तिच्याखाली कंपनीचा माणूस सिम विकत असे. कागद मागे, पण वाचीत नसे. घर तेव्हा एकत्र होते. बाईंचे ओळखपत्र माहेरच्या नावाचे आणि यजमानांना रांगेत उभे राहायचा कंटाळा. धाकटे दीर महादेव मोटारसायकलवरून बाजारात गेले, आपल्या वाहन परवान्याची झेरॉक्स दिली आणि दोन सिम घेऊन आले. एक स्वतःला, एक वहिनींना. "घ्या वहिनी, तुमच्या हॉटेलला," असे हसत म्हणाले होते. त्या दिवशी त्या क्रमांकाला काही किंमत नव्हती.

पुढे दत्तात्रेय गेले आणि वर्षभरात वाडीची वाटणी झाली. वाटणी कशी झाली ते मुरुडमध्ये सर्वांनी पाहिले. माडांना चुन्याचे पट्टे ओढले: एक पट्टा थोरल्या घरचा, दोन पट्टे धाकट्या घरचे. पोफळींच्या ओळी मोजल्या. विहीर फोडता येत नाही, म्हणून तिची पाळी ठरली: एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. शिडी, कोयते, पाण्याचा पंप, देवघरातली समई, सगळ्याचा निवाडा पंचांनी केला. फणसाच्या फांद्यांवरून दीड तास भांडण झाले. तीन पंच, दोन कुटुंबे आणि बघायला आलेली निम्मी आळी, पण मोबाइलच्या क्रमांकाचा उच्चार कोणाच्याही तोंडून झाला नाही. तो मालमत्ता आहे हे कोणाला कळलेच नव्हते. वाटणीनंतर महादेवांनी आपल्या बाजूला पक्क्या चार खोल्या बांधल्या, निळा रंग दिला, वातानुकूलन बसवले आणि 'समुद्रदर्शन' अशी पाटी लावली. समुद्र तिथून दिसत नाही. खोल्याही बहुधा रिकाम्याच असत. तेव्हापासून दोन्ही घरांत विहिरीच्या पाळीपुरतेच बोलणे होते.

बाईंनी पालीहूनच त्यांना फोन लावला. दुसऱ्याच घंटेला महादेवांनी उचलला आणि ऐकून घेतले.

"भावोजी, तेवढं कंपनीला फोन करून नंबर बंद करा. चोराच्या हातात आहे."

"करतो की. त्यात काय, वहिनी."

आणि खरोखरच केले. पंधरा मिनिटांत भागुबाईने बाईंचा क्रमांक पुन्हा लावला तेव्हा तो बंद असल्याचे यंत्राने सांगितले. जे बाईंना विनवण्या करून जमले नव्हते ते एका नावाने झाले होते. बाईंना हायसे वाटले. ते वाटायला नको होते, असे पुढे त्यांना रोज वाटत राहिले.

घरी आल्यावर खोक्यावरचा आयएमईआय, पावती आणि पोलिसांची पोच नेत्राने पुण्याहून संकेतस्थळावर भरली. पडताळणीचा ओटीपी तिने स्वतःच्याच क्रमांकावर घेतला. दुसऱ्या दिवशी हँडसेट रोखला गेल्याचा संदेश तिला आला. चोराच्या हाती आता एक काळी काच उरली होती. राहिला क्रमांक.

सोमवारी सकाळी दीर-भावजय कंपनीच्या दुकानात गेले. वाटणीनंतर प्रथमच ती दोघे एकत्र बाजारात दिसली, त्यामुळे वाटेत चारजण थांबून पाहत राहिले. दुकानात आश्लेषा नावाची मुलगी बसते. तिने महादेवांचे आधार घेतले, पोलिसांच्या तक्रारीची प्रत घेतली आणि फोनचा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"काका, डोळे मिचकवा. हां. अजून एकदा."

महादेवांनी लग्नातल्या फोटोला बसावे तशी मान ताठ करून डोळे मिचकावले. सोळा वर्षे पाहुण्यांना बिरडे वाढणाऱ्या बाई बाजूच्या स्टुलावर बसून ते पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्याची कोणाला गरज नव्हती.

"सिम दोन-तीन तासांत सुरू होईल," आश्लेषा म्हणाली. "पण एसएमएस चोवीस तास बंद राहतील, येणारे नि जाणारे दोन्ही. नियमच आहे. कोणी चोरून दुसरं सिम काढलं तर ओटीपी त्याला मिळू नयेत म्हणून."

"आणि आता हा माझ्या नावावर करून दे," बाई म्हणाल्या.

"होतं ना, काकू. दोघांनी यायचं. काकांची संमती लागते, तुमचं आधार, तुमचा फोटो. संमतीचा ओटीपी याच नंबरवर येतो, म्हणून आज नाही होणार. उद्या दुपारनंतर या दोघं."

"काकांची संमती," बाईंनी तिचे शब्द तसेच उच्चारले. "आणि त्यांनी नाही दिली तर?"

आश्लेषा बावरली. तिने आधी बाईंकडे, मग महादेवांकडे पाहिले. "मग... कंपनीच्या लेखी ग्राहक काका आहेत. तुम्ही वापरणाऱ्या."

महादेव हसले. "वहिनी, काहीतरीच काय विचारता!" आणि छोटे पांढरे सिम त्यांनी आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवले. "तुमच्याकडे आत्ता फोन तरी कुठाय? उद्यापर्यंत राहू दे इथं. कोणाचा आला तर निरोप देतो."

बाईंकडे खरोखरच फोन नव्हता. नेत्राने पाठवलेला मंगळवारी यायचा होता.

मंगळवारी सकाळी बाई परसात तुळशीला पाणी घालीत असताना कुंपणापलीकडे गाडी थांबली. गाडीतून उतरलेली माणसे पाहून त्यांनी तांब्या तिथेच ठेवला आणि हसत पुढे झाल्या. ठाण्याचे कर्णिक कुटुंब. त्यांच्या थोरल्या मुलीच्या बारशापासून येणारे. पण त्यांच्या बॅगा निळ्या पायऱ्यांवर चढत होत्या.

"अहो कर्णिक! इकडे!"

कर्णिकबाई वळल्या. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग गोंधळला. "अगंबाई, विनिताताई! आम्हाला काल फोनवर सांगितलं, यंदापासून नवीन इमारतीत. आम्हाला वाटलं तुमचंच..."

"कोणी सांगितलं?"

दारात केसर, महादेवांची बायको, उभी होती. हातात महादेवांचा फोन. "मीच सांगितलं. त्यांनी खोली आहे का विचारलं, मी हो म्हटलं. आमच्याकडे होती ना खोली. खोटं काय बोलले?"

पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता आणि केसरला तो चांगला माहीत होता. इतक्यात केसरच्या हातातला फोन वाजला. ती तिथेच, बाईंच्या डोळ्यांसमोर, बाईंच्या क्रमांकावर बोलू लागली. "हां, बोला. मुरुडच. हो हो, जेवण घरचंच."

दुपारी दुकानात जायची वेळ आली तेव्हा बाई आधार घेऊन महादेवांच्या अंगणात उभ्या राहिल्या. महादेव सुपारी कातरत होते.

"चला भावोजी. चोवीस तास झाले."

"बसा वहिनी. मी विचार करत होतो." त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होते. "हा नंबर वाटणीत राहूनच गेला बघा. कागद माझे, सिम मी आणलं. मेहनत तुमची, ते मी नाकारत नाही. मग न्यायाचं काय? विहिरीचं केलं तसं करू. पाळी लावू. सहा महिने तुम्ही, सहा महिने आम्ही. दिवाळी ते होळी आमच्याकडे, पुढं तुमच्याकडे."

बाईंना आधी वाटले ते थट्टा करताहेत. मग लक्षात आले की नाहीत.

"भावोजी, फोनची पाळी कशी लागेल? माझं बँक खातं त्याच्यावर, माझं आधार त्याच्यावर! माझ्या पैशांचे ओटीपी तुमच्या हातात येणार सहा महिने? आणि दिवाळी ते होळी तर हंगामच सगळा. पावसाळ्यात कोण येतं मुरुडला?"

"विहिरीची पाळी मानता ना? मग याचीच का नको?"

"कारण विहीर तुम्हा दोघा भावांच्या आजोबांनी खणली," बाई म्हणाल्या, "आणि हा नंबर मी खणला."

केसर आतून म्हणाली, "एवढं शिकून स्वतःच्या नावाचं सिम घेता आलं नाही होय?"

बाई वर्षानुवर्षे विजेची बिले सालवार लावून ठेवत, घरपट्टी पहिल्याच आठवड्यात भरत, पाहुण्यांना पावती दिल्याशिवाय पैसे घेत नसत. घरातली प्रत्येक गोष्ट ज्याच्या नावावर असायला हवी त्याच्या नावावर होती. फक्त या एका क्रमांकाकडे त्यांनी आपला आवाज म्हणून पाहिले होते आणि आवाज कोणाच्या नावावर असतो हे विचारायचे कोणाला सुचते? त्यांनी पाळी मान्य केली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले तेही क्रमवार केले. त्याच दुपारी आश्लेषाकडून स्वतःच्या आधारवर, स्वतःचे डोळे मिचकावून, नवे सिम घेतले. लगेच बँकेत जाऊन खात्याला तो नवा क्रमांक जोडला. अर्ज समक्ष दिला, कारण जुन्या क्रमांकाला आलेला कोणताही ओटीपी आता शेजारच्या ओटीवर वाजणार होता. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन तिथलाही क्रमांक बदलला. त्याला जुन्या क्रमांकाची गरज लागत नाही. मग अलिबागला कंपनीच्या मोठ्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्याने सहानुभूतीने ऐकले, चहा विचारला आणि सांगितले की नोंदणीकृत ग्राहकाच्या संमतीशिवाय क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही; तसा देता येत असता तर कोणीही कोणाचाही नंबर उचलून नेला असता. म्हणणे बरोबर होते. त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकाचे म्हणणे बरोबर होते. महादेवांचेसुद्धा, कागदापुरते.

सर्वांत मोठा धक्का मात्र हे सगळे चालू असतानाच, बुधवारी बसला. नेत्राने पाठवलेल्या फोनवर बाईंनी नवा क्रमांक सुरू केला, आठवतील तेवढ्या पाहुण्यांचे क्रमांक जुन्या नोंदवहीतून काढले आणि एकेकाला संदेश लिहिला: मी विनिता, मुरुड, माझा क्रमांक बदलला आहे, कृपया यापुढे येथे संपर्क करावा. भाषा नीट, शुद्ध, सभ्य. त्या वाट पाहत बसल्या. नाशिकच्या गृहस्थांचे उत्तर आले: "असल्या भूलथापा खूप येतात. विनिताताईंचा नंबर आमच्याकडे आहे. तक्रार करू." पुढचा संदेश त्यांना गेला नाही, त्यांनी बाईंना ब्लॉक केले होते.

आणि एक सावध बाई होत्या, पुण्याच्या. त्यांनी करायला हवे तेच केले: खात्री करण्यासाठी जुन्या क्रमांकावर फोन लावला. बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. कुंपणापलीकडची घंटा त्यांना ऐकू आली, आणि केसरचा आवाजही. वारा समुद्रावरून होता, शब्द स्वच्छ आले.

"विनिता? नाही हो, त्या आता हे बघत नाहीत. आम्हीच बघतो. हो, घर तेच. नाही नाही, कोणी दुसरा नंबर दिला तर देऊ नका लक्ष. आजकाल फार फसवतात लोक."

विनिताबाईंच्या हातातली पळी आमटीत बुडाली. त्या ती काढायला वाकल्याच नाहीत. सोळा वर्षे ज्या आवाजाने "या, या, कधी निघालात?" असे विचारले होते, तो आवाज त्यांच्या गळ्यात जसाच्या तसा होता, फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायला आता जगात कोणी उरले नव्हते. त्या स्वतःच स्वतःच्या नावाने फसवणूक करणारी परकी बाई ठरल्या होत्या. संध्याकाळी भागुबाई टोपली घेऊन आली, दारात थबकली आणि "आज न्हाय ना कुनी?" एवढेच म्हणून मासळी न उतरवताच पुढे गेली. बाईंच्या खोल्यांत या लिखाणापर्यंत पाहुणा उतरलेला नाही. पलीकडे गाड्या असतात.

वाचकहो, सहानुभूतीची मागणी येथे नाही. मागणी एवढीच: हे वाचून संपताच आपला फोन उचला, आपल्या कंपनीच्या ग्राहककेंद्राला फोन करा आणि विचारा, हा क्रमांक कोणाच्या नावावर आहे. आपल्या आईचा, बायकोचा, घरकामाला येणाऱ्या बाईचा क्रमांक कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. तो वापरणाऱ्याच्या नावावर नसेल, तर ज्याच्या नावावर आहे त्याला बरोबर घेऊन, तुमचे त्याच्याशी बोलणे आहे तोवर, दुकानात जा आणि तो बदलून घ्या. आणि ज्यांच्या नावावर दुसऱ्याच्या आयुष्याचा क्रमांक आहे, त्यांनी तो मागण्याची वाट न पाहता परत करावा.